चार डिग्री आणि काळा पडलेला बटाटा



परवा आपल्या गटावर कुणीतरी पेपरमधलं कात्रण टाकलं. इंदूरचं रात्रीचं तापमान ४.६ डिग्री. खाली मजेमजेच्या प्रतिक्रिया आल्या. कुणी सराफ्यातल्या गराडूची आठवण काढली, कुणी रामबागेतल्या शेकोटीची. त्यात एका तरुण मित्राने लिहिलं, "काका, शेतकरी उगाच ओरडतात. पाणी गोठतं शून्यावर. साडेचार डिग्रीला पाला कसा पडेल?"

ते वाचून मी बराच वेळ मोबाईल हातात धरून बसलो. कारण नेमकं हेच वाक्य चाळीसएक वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं, आणि तेही बँकेच्या रिपोर्टात, सहीशिक्क्यानिशी. आज ती गोष्ट सांगतो.

आधी एका शब्दाचा खुलासा. महाराष्ट्रातल्या मंडळींना पाला म्हटलं की झाडाचा पाला आठवतो. आपल्याकडे माळव्यात पाला म्हणजे थंडीने पीक जाळणारा तो पाला. हिंदीतून आला आणि आपल्या घरोघरच्या मराठीत बसला. "पाल्याने पाला जळाला" असं आमची आई म्हणायची आणि पुण्याहून आलेले पाहुणे चक्रावून जायचे.

तर तेव्हा मी कृषी कर्जाचं काम पाहत होतो. शिक्षण बी.कॉम., शेतीचा अनुभव शून्य. महूच्या बाजूची दहाबारा गावं माझ्याकडे होती, बटाट्याचा सगळा पट्टा. जानेवारीत एका सकाळी एक शेतकरी सायकलवर शाखेत आला. मफलर गुंडाळलेला, डोळे लाल. म्हणाला, "साहब, पाला मार गया. आलू खतम." खतासाठी, बेण्यासाठी घेतलेलं पीककर्ज होतं. हप्ता पुढे ढकलून मिळावा एवढीच त्याची मागणी.

मी दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पाहणीला गेलो. माझी कल्पना अशी की पाला म्हणजे शेतात पांढरं बर्फ दिसणार. पांढरं काहीच नव्हतं. उन्हात झाडं माना टाकून उभी होती, पानं आधी गरम पाण्यात बुडवून काढल्यासारखी लिबलिबीत आणि मग कडेने काळी. मला वाटलं हा करपा, औषध वेळेवर मारलं नसणार. शिवाय अर्धं शेत बरं होतं आणि नाल्याकडचं अर्धं गेलेलं. थंडी काय अर्ध्या शेतात पडते? ऑफिसात येऊन पेपर पाहिला. त्या रात्रीचं किमान तापमान चारच्या थोडं खाली. मी लिहिलं: "सदर रात्री तापमान शून्याच्या चार अंश वर असल्याने पाला पडणे संभवत नाही. नुकसान रोगामुळे झाले असावे." कर्जाची मुदत वाढली नाही. त्या उन्हाळ्यात त्याने बैलजोडी विकून हप्ता भरला. मला ते पुढे गावातल्या दुसऱ्या माणसाकडून कळलं.

माझी चूक कुठे होती, ते मला तीनचार वर्षांनी समजलं. नारायण बागेत आमच्या शेजारी वेधशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी ही हकीकत थोड्या ऐटीतच सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "अहो, आमचा थर्मामीटर कुठे असतो ठाऊक आहे का? पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार फुटांवर. आमची पेटी तुमच्या छातीपाशी आणि बटाटा तुमच्या गुडघ्याखाली. तुम्ही छातीचा आकडा वाचून गुडघ्याला थंडी नाही म्हणालात."

मग त्यांनी नीट समजावलं. दिवसा जमीन ऊन घेते आणि रात्री ती उष्णता आकाशाकडे सोडते. आकाशात ढग असले तर ते बरीचशी परत पाठवतात, गोधडीसारखे. वारा असला तर वरची उबदार हवा आणि खालची गार हवा घुसळली जाते. पण आकाश निरभ्र आणि वारा पडलेला, अशा रात्री जमीन आणि पानं भराभर निवतात. त्यांना चिकटलेली हवा सगळ्यात गार होते आणि जड म्हणून तिथेच बसून राहते. त्यामुळे चार फुटांवर चार डिग्री असताना पानाजवळ शून्य किंवा त्याच्याही खाली असू शकतं. वेधशाळेत यासाठी वेगळा थर्मामीटरही असतो, आडवा, गवताच्या शेंड्यांच्या लगत ठेवलेला. पण पेपरात छापून येतो तो पेटीतला आकडा.

आणि अर्धं शेत? गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागेत साचते. नाल्याकडचं शेत म्हणजे गार हवेचं डबकंच. त्यात नाल्याच्या काठी दाट झुडपं असली की ती बांधासारखी अडवतात आणि हवा पुढे सरकत नाही. मी जो पुरावा रोगाचा म्हणून धरला, तोच पाल्याचा पुरावा होता.

करपा आणि पाला यांतला फरक मी नंतर शिकलो, तोही इथे लिहून ठेवतो. करपा आठवडाभर हळूहळू वाढतो, पानावर ठिपके येतात, दमट सकाळी पान उलटं केलं तर ठिपक्याच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. पाल्याला तारीख असते. काल संध्याकाळी हिरवं होतं, आज दुपारी काळं. वरची, आकाशाकडे उघडी असलेली पानं आधी जातात, आत झाकलेली पुष्कळदा वाचतात, आणि खोलगट भागाचा नकाशा शेतावर उमटतो. पानाच्या आतल्या पाण्याचं बर्फ होतं, ते पेशींमधलं पाणी ओढून घेतं, पेशी फाटतात. ऊन आलं की बर्फ वितळतं आणि पान लुळं पडतं. म्हणून अकरा वाजता जाणाऱ्या साहेबाला बर्फ दिसत नाही.

निवृत्त झाल्यावर मी चार साधे थर्मामीटर आणले. एक चार फुटांवर, एक वीतभर उंचीवर, असं काठीला बांधून ओळखीच्यांच्या शेतात हिवाळ्याच्या वीसबावीस रात्री मोजून पाहिलं. खातेवहीत लिहायची सवय, ती कामाला आली. ढगाळ रात्री दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. वाऱ्याच्या रात्री एखाद्या डिग्रीचा फरक. स्वच्छ आणि निवांत रात्री तीन ते चार, एकदा तर पाच. तेव्हा "पेपरातून चार वजा करा" असा सरसकट नियम मी सांगत नाही. आधी आकाश पाहा, मग सिगरेटचा धूर सरळ वर जातो की वाकतो ते पाहा, आणि मग वजाबाकी करा.

आता एका रात्रीची हकीकत. ज्या शेतकऱ्याचं मी नुकसान केलं तो तोवर वारला होता. त्याच्या मुलाकडे मी स्वतः जाऊन जुनी गोष्ट सांगितली होती. तो म्हणाला, "छोड़िए बाबूजी, पुरानी बात." पण माझे थर्मामीटर त्याने लक्षात ठेवले. एका जानेवारीत दुपारी त्याचा फोन आला. दोन दिवस गार उत्तरेचा वारा वाहत होता, उत्तरेकडे पाऊस आणि बर्फ होऊन गेलं होतं, आणि आज वारा पडला होता. मोबाईल पहाटेचं तापमान पाच दाखवत होता. हाच तो क्षण ओळखायचा. वारा चालू असताना अंगाला थंडी जास्त वाजते, पण पीक जातं ते वारा थांबलेल्या पहिल्या स्वच्छ रात्री.

त्याच्याकडे नाल्याकडच्या खोलगट भागात तीन बीघे बटाटा, सत्तर दिवसांचा. घराकडच्या उंच भागात अर्धा बीघा टमाटर, एक बीघा फुलावर आलेला बटला, थोडी पत्ताकोबी आणि मिरचीचं रोप टाकलेले दोन वाफे. सगळं वाचवणं शक्य नव्हतं. मग आम्ही बँकेत करतो तशी यादी केली, कुणाला पहिलं द्यायचं. पत्ताकोबी थंडी सोसते, तिला हात लावायचा नाही. बटल्याचं झाड सोसतं, पण फूल आणि कोवळी शेंग सोसत नाही. मात्र ते उंचावर होतं. टमाटर, मिरची आणि बटाटा नाजूक. टमाटर शून्याच्या किंचित खाली गेलं की संपतं, बटाट्याचं पान आणखी एखाद डिग्री तग धरतं.

मिरचीच्या वाफ्यांवर कमानी करून जुन्या साड्या आणि तागाची पोती घातली. हे काम ऊन उतरायच्या आधी करायचं असतं, कारण आपल्याला जमिनीतली ऊब आत कोंडायची आहे. रात्री अकराला झाकलं तर कोंडायला फारसं उरलेलं नसतं. आणि कापड पानाला टेकता कामा नये, विशेषतः प्लास्टिक. जिथे टेकतं तिथलं पान जातं. सकाळी ऊन आल्यावर काढून टाकायचं.

बटाट्यासाठी उपाय एकच, पाणी. बर्फाला पाण्याने कसं हटवणार, असं मलाही वाटायचं. पण नलकूपाचं पाणी जमिनीच्या पोटातलं, हिवाळ्यातही हाताला कोमट लागतं, चोवीसपंचवीस डिग्रीचं. एक लिटर पाणी चोवीसवरून चारवर निवलं तर वीस किलोकॅलरी उष्णता तिथेच सोडतं, आणि सरीतून असं हजारो लिटर जातं. शिवाय ओली काळी माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री खालून वर आणते. कोरडी, नुकतीच खुरपलेली भुसभुशीत माती हवेने भरलेली असते, ती रजईसारखी खालची ऊब खालीच अडवते. म्हणून पाल्याच्या दिवसांत निंदाई करू नये म्हणतात, ते खरं आहे. पाणी मात्र हलकं द्यायचं, सरी ओली होईल इतकंच. बटाट्यात पाणी तुंबलं तर पाला टळून कंद सडतो.

खरं तर पाणी दुपारीच दिलं असतं तर उत्तम. पण त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री दहा ते पहाटे चार अशी होती. पाच हॉर्सपॉवरची मोटर, एका बीघ्याला हलकं पाणी द्यायला दोन तास. सहा तासांत तीन बीघे, म्हणजे हिशोब अगदी काठावर. मी म्हटलं, "सुरुवात नाल्याकडून कर, थंडी तिथे सगळ्यात जास्त." पण त्यासाठी अंधारात पाईप लांबपर्यंत ओढायला हवा होता. तो म्हणाला, "बाबूजी, इधर से चलते-चलते उधर पहुँच ही जाएँगे." मी जोर धरला नाही.

आकडे माझ्या वहीत आहेत. नऊ वाजता शेताच्या मधोमध चार फुटांवर दहा, पानाजवळ सात. बारा वाजता सात आणि साडेतीन. तोवर मी दर तासाला त्याच्या मोटारसायकलच्या सीटवर हात फिरवत होतो. ही खूण सोपी आहे. सीट दहाच्या सुमारास ओली झाली तर हवेत दमटपणा आहे असं समजायचं. दव पडताना थोडी उष्णता सुटते आणि तापमानाची घसरण मंदावते. त्या रात्री बारा वाजेपर्यंत सीट कोरडी ठणठणीत. म्हणजे हवा कोरडी, आधाराला दव नाही, तापमान खाली जातच राहणार. अशाच रात्री पांढरं काही न दिसता पीक काळं पडतं. आणि शेतकरी सकाळी पांढरं नाही म्हणून निर्धास्त असतो.

दोनच्या सुमारास पाचसात मिनिटं वाऱ्याची झुळूक आली. पानाजवळचा पारा बघता बघता दीड डिग्री चढला. झुळूक गेली, पुन्हा खाली. वरची हवा उबदार असते हे त्याआधी मी नुसतं ऐकलं होतं, त्या रात्री डोळ्यांनी पाहिलं.

गावातली पोरं बांधावर काडीकचरा पेटवून धूर करत होती. धुराखाली थर्मामीटर धरून पाहिला. जाळापासून दहाबारा हात दूर काहीच फरक नाही. धुराची चादर होते असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो, पण जमिनीची जी उष्णता वर जाते ती धूर फारशी अडवत नाही. उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा आणि तिने हवा हलते त्याचा. म्हणून एक मोठी होळी करण्यापेक्षा शेतभर लहानलहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते. कृषी विभाग पाण्यात ०.१ टक्का गंधकाम्ल मिसळून फवारायला सांगतो, पण ती आधीपासूनची तयारी. रात्री बारा वाजता आठवण्याचा तो उपाय नाही, आणि तेजाब हाताळायचं म्हणजे जोखीमही आहे.

चारला लाईट गेली. बटाट्याच्या नाल्याकडच्या बाराएक सऱ्या कोरड्या राहिल्या होत्या. आणि सगळ्यात थंड वेळ तर पुढेच होती, कारण पारा सूर्योदयापर्यंत उतरत राहतो, ऊन लागल्यावरच वळतो. आम्ही चुलीपाशी बसून राहिलो, करण्यासारखं काही नव्हतं.

सात वाजता मी वाचन घेतलं. चार फुटांवर अडीच. पाणी दिलेल्या भागात पानाजवळ अर्धा डिग्री. नाल्याकडच्या कोरड्या सऱ्यांत उणे दीड. वरच्या शेतात टमाटरपाशी एक. त्या दिवशीचा पेपर दुसऱ्या दिवशी हातात आला, त्यात आकडा होता ४.८. विमानतळाकडच्या पेटीतला, अगदी बरोबर, आणि आमच्या शेताला निरुपयोगी.

दुपारपर्यंत त्या बारा सऱ्या काळ्या पडल्या. बाकी बटाटा हिरवा राहिला. टमाटरचे शेंडे थोडे करपले, बटल्याचं एखादं फूल गेलं असेल, मिरचीचं रोप साड्यांखाली खुशाल होतं. काळ्या सऱ्या त्याने घाईने उपटल्या नाहीत. कंद मातीखाली सुरक्षित असतात, आणि आतली पानं वाचली असतील तर झाड थोडं फुटतं. त्या सऱ्यांचा बटाटा लहान निघाला, पण निघाला. सत्तर दिवस झाले होते म्हणून. पन्नासाव्या दिवशी हेच झालं असतं तर गोट्याच हाती आल्या असत्या.

मी त्याला म्हटलं, "नाल्याकडून सुरुवात करायला हवी होती, मी अडून बसायला हवं होतं." तो म्हणाला, "बारह लाइन गई, बाबूजी. उस साल तो आधा खेत गया था." एवढंच बोलला आणि चहा ठेवायला आत गेला. मला त्याच्या वडिलांची बैलजोडी आठवली.

तर आपल्या त्या तरुण मित्राला माझं उत्तर असं. पाणी शून्यावरच गोठतं, त्यात वाद नाही. पण पेपरातलं साडेचार हे छातीच्या उंचीवरचं, दुसऱ्या कुठल्या तरी जागेचं साडेचार आहे. आकाश स्वच्छ, वारा बंद आणि मोबाईलवर पाचच्या आसपास आकडा दिसला, तर खोलगट शेताच्या मालकाने ती रात्र पाल्याचीच समजावी, आणि पाणी शक्य तर दिवसाउजेडी द्यावं.

एक थर्मामीटर मी त्याच्या शेतात सोडून आलो. नाल्याकडच्या टोकाला, वीतभर उंचीवर, काठीला बांधलेला आहे. थंडीच्या दिवसांत रात्री नऊला त्याचा फोन येतो, आकडा सांगतो, सीट ओली की कोरडी तेही सांगतो. आपल्यापैकी ज्यांची देवास, उज्जैन, ग्वाल्हेरकडे शेती आहे त्यांनी आपापल्या शेतातला आकडा आणि त्या दिवशीचा पेपरातला आकडा, दोन्ही इथे जरूर लिहावेत. मी वहीत उतरवून घेईन.